आधी तक्रार, मग ब्लॉक

नकोसा कॉल आला की आपण दोन गोष्टी करतो. समोरच्या मुलीचं वाक्य अर्ध्यात तोडून फोन ठेवतो आणि तो नंबर ब्लॉक करतो. ब्लॉक केल्यावर समाधान मिळतं, पण ते आपल्या एका फोनपुरतं असतं. ज्या नंबरवरून कॉल आला तो नंबर चालूच राहतो, दिवसभर इतरांना फोन करत राहतो, आणि कॉल करणाऱ्याला आपण त्याला ब्लॉक केलंय हे कळतसुद्धा नाही. त्याच्याकडे असे अनेक नंबर असतात. एक लागत नाही म्हटल्यावर यंत्रच दुसऱ्या नंबरवरून आपल्याला गाठतं. म्हणून ज्यांच्या फोनमधली ब्लॉक यादी सगळ्यांत लांब असते, त्यांनाही कॉल येणं थांबत नाही.

हे कॉल तोडायचे असतील तर कॉल करणाऱ्याची लाइन तोडावी लागते. तसं करण्याचा अधिकार आपल्या देशात टेलिकॉम कंपन्यांना आहे, त्यांच्यावर तो बंधनकारकही आहे, आणि तो वापरला जावा यासाठी ग्राहकानं एक एसएमएस पाठवणं पुरेसं असतं. बहुतेकांना या व्यवस्थेचा पहिला अर्धा भाग, म्हणजे डीएनडी नोंदणी, ऐकून माहीत आहे. उरलेला अर्धा, तक्रारीचा, फार कमी लोक वापरतात. माझ्या मते खरी ताकद त्या दुसऱ्या अर्ध्यातच आहे.

दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, २००७ साली ‘कॉल करू नका’ अशी राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. पुढे २०१० मध्ये नियम बदलले आणि ‘सगळंच बंद’ किंवा ‘अमुक विषयाचं चालेल, बाकी नको’ अशी निवड ग्राहकाला मिळाली. आज लागू असलेली चौकट २०१८ च्या नियमांची आहे, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिच्यात महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. या चौकटीत जाहिरातीचे कॉल करणाऱ्या प्रत्येक कंपनीनं टेलिकॉम कंपनीकडे स्वतःची नोंदणी करायची असते. असे प्रचाराचे कॉल १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरूनच करायचे असतात. कॉल जाण्याआधी ग्राहकांची यादी डीएनडीच्या नोंदींशी ताडून पाहिली जाते आणि ज्यांनी ‘नको’ म्हटलंय त्यांचे नंबर गाळले जातात.

नोंदणी करायला पाच मिनिटंही लागत नाहीत. १९०९ या नंबरवर फुकट फोन करता येतो, किंवा पुढचा एसएमएस पाठवता येतो:

```
START 0
```

यातलं शेवटचं अक्षर शून्य आहे, इंग्रजी ‘ओ’ नव्हे. इथे चूक झाली तर संदेश समजला नाही असं उत्तर येतं. नोंदणी झाल्याचा संदेश आला की तो जपून ठेवावा. बँक व विमा, घरं व जागा, शिक्षण, आरोग्य, गाड्या व घरगुती वस्तू, करमणूक व इंटरनेट, पर्यटन, खाद्यपदार्थ असे विषयांचे गट आहेत. त्यातले काहीच बंद ठेवायचे असतील तर एसएमएसपेक्षा ट्रायचं ‘TRAI DND’ हे ॲप किंवा आपल्या सिम कंपनीचं ॲप सोयीचं पडतं. तिथे समोर दिसणाऱ्या गटांवर बोट ठेवून निवड करता येते. ही नोंद माणसाची नसते, फोनचीही नसते, नंबरची असते. एका फोनमध्ये दोन सिम असतील तर दोन्ही सिमवरून वेगवेगळा एसएमएस पाठवावा लागतो. आणि फोनच्या वरच्या पट्टीत चंद्रकोरीचं चिन्ह असलेलं जे ‘Do Not Disturb’ बटण असतं, त्याचा या नोंदणीशी काही संबंध नाही. ते फक्त घंटी बंद करतं.

ही नोंदणी झाली म्हणून ओटीपी, बँकेत पैसे जमा झाल्याचा संदेश किंवा गॅस सिलिंडर निघाल्याची सूचना बंद होत नाही. ते व्यवहाराचे संदेश आहेत, जाहिरात नाही. एसएमएसमध्ये हा फरक आता डोळ्यांना दिसतो. पाठवणाऱ्याच्या नावापुढे आडवी रेघ आणि एक अक्षर असतं: जाहिरातीला P, सेवेला S, व्यवहाराला T आणि सरकारी संदेशाला G. कॉलमध्येही असाच फरक करण्याचं काम सुरू आहे. बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांनी ग्राहकांना करायचे सेवेचे कॉल १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून करावेत, यासाठी ही मालिका वेगळी काढलेली आहे. ही सवय रुळली की ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणारा साधा दहा आकडी मोबाइल नंबर पाहताच माणूस सावध होईल, आणि हा बदल डीएनडीइतकाच मोलाचा ठरेल.

मग नोंदणी करूनही कॉल का येतात? सांगलीच्या माझ्या मावशीच्या निमित्तानं मला हे नीट उलगडून पाहावं लागलं. ती निवृत्त शिक्षिका आहे. डीएनडीची नोंदणी तिनं कधीचीच केली होती. तरी पर्सनल लोनचे कॉल तिला इतके येऊ लागले की दुपारची झोप तिनं सोडून दिली. “अरे, मला कर्ज नकोय हे मी कितीदा सांगू? एक नंबर बंद केला की दुसऱ्यावरून बोलतात,” असं ती वैतागून म्हणाली. तिच्याकडे आलेले नंबर पाहिले तर त्यांत १४० ने सुरू होणारा एकही नव्हता. सगळे साधे दहा आकडी होते.

यामागं दोन कारणं होती. त्यातलं पहिलं तिच्याच हातून घडलेलं होतं, पण तिला ते ठाऊक नव्हतं. आपला क्रेडिट स्कोअर फुकट पाहण्यासाठी तिनं एका संकेतस्थळावर मोबाइल नंबर दिला होता. खाली बारीक अक्षरांत एक चौकट होती, ती तिनं टिकली. त्या चौकटीतला मजकूर नंतर उघडून वाचला. ती कंपनी आणि तिचे ‘भागीदार’ फोन, एसएमएस, व्हॉट्सॲपवरून संपर्क करतील आणि माझी डीएनडी नोंदणी असली तरी या संपर्काला माझी संमती आहे, असं त्यात लिहिलेलं होतं. कायद्याच्या भाषेत ग्राहकानं दिलेली संमती डीएनडीच्या वर बसते. तुम्ही ‘सगळं नको’ म्हटलंत, पण एखाद्या कंपनीला ‘तू चालशील’ म्हटलंत, तर तिचा कॉल नियमबाह्य ठरत नाही. म्हणून स्कोअर, विम्याचा हप्ता, फ्लॅटचे दर, परीक्षेचा निकाल असं काहीही ‘फक्त नंबर टाका आणि पाहा’ म्हणणाऱ्या पानावर आधी ती चौकट वाचावी. आधीच टिकलेली असेल तर ती खूण काढावी. खूण काढली तर पान पुढे जात नसेल, तर तिथे नंबर देऊ नये. मावशीनं त्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करून संमती मागे घेतल्याचं कळवलं. अधिकाऱ्याचा पत्ता संकेतस्थळाच्या तळाशी असतो. अशी संमती कागदाऐवजी टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदवहीत डिजिटल पद्धतीनं नोंदवायची आणि ग्राहकाला ती एका जागी पाहता व रद्द करता यावी, अशी व्यवस्था ट्राय उभी करत आहे. ती सर्वत्र पोहोचेपर्यंत ईमेल हाच मार्ग आहे.

दुसरं कारण अधिक मोठं आहे. ज्या कंपनीला तिनं संमती दिली तिच्या पलीकडे तिचा नंबर फिरला होता, आणि तो घेणारे कुठेच नोंदलेले नव्हते. कर्ज मिळवून देणारे दलाल, त्यांनी ठेवलेली छोटी कॉल सेंटरं, कमिशनवर काम करणारी मुलं. यांच्याकडे १४० चा नंबर नसतो, साधी सिम कार्डं असतात किंवा एकाच वेळी अनेक कॉल नेणाऱ्या ऑफिसच्या लाइन असतात. ते डीएनडीची यादी ताडून पाहतच नाहीत. डीएनडी नोंदणी नियम पाळणाऱ्यांना अडवते. न पाळणाऱ्यांना अडवायला तक्रार लागते.

तक्रारीचा एसएमएस असा असतो: आधी कॉल कशाचा होता ते दोन-चार शब्दांत, मग स्वल्पविराम, मग ज्या नंबरवरून कॉल आला तो, मग स्वल्पविराम, मग तारीख. तो १९०९ ला पाठवायचा.

```
Personal loan offer call, 98XXXXXXXX, 12/06/25
```

हेच ‘TRAI DND’ ॲपमधूनही करता येतं. तिथे आलेल्या कॉलच्या यादीतून नंबर निवडता येतो आणि तक्रारीचं पुढे काय झालं तेही दिसतं. कॉल आल्यापासून सात दिवसांच्या आत तक्रार करावी लागते. २०२५ च्या दुरुस्तीआधी ही मुदत तीन दिवसांची होती.

एसएमएस गेल्यावर पडद्यामागे काय घडतं ते कळलं की तक्रार का फेटाळली जाते तेही कळतं. तुमची सिम कंपनी तक्रार नोंदवते आणि कॉल करणारा नंबर ज्या कंपनीचा आहे तिच्याकडे पाठवते. ती कंपनी आपल्या नोंदींमध्ये शोधते, की त्या तारखेला त्या नंबरवरून तुमच्या नंबरवर खरोखर कॉल गेला होता का. कॉलमध्ये काय बोललं गेलं हे तिला माहीत नसतं, माहीत असायला परवानगीही नसते. म्हणून तुम्ही लिहिलेलं छोटं वर्णन आणि ही नोंद, या दोहोंवर सगळं उभं असतं. नोंद सापडली नाही तर तक्रार तिथेच संपते.

मावशीची पहिली तक्रार अशीच फेटाळली गेली. कॉल आला होता पहिल्या सिमवर आणि तिच्या फोननं एसएमएस पाठवला दुसऱ्या सिमवरून, कारण संदेशांसाठी तेच ठरवून ठेवलेलं होतं. साहजिकच त्या दुसऱ्या नंबरवर असा कॉल आल्याची नोंद कुणाकडेच नव्हती. ज्या सिमवर कॉल आला त्याच सिमवरून तक्रार जायला हवी. दुसऱ्यांदा तिनं सिम बदलून तारीख नीट लिहून पाठवलं. तक्रार क्रमांक आला, आणि काही दिवसांनी कारवाई झाल्याचा संदेशही आला. तारीख चुकणं, नंबरातला एक आकडा इकडचा तिकडे होणं, सात दिवस उलटून जाणं आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या कॉलची तक्रार १९०९ ला करणं, ही तक्रार वाया जाण्याची इतर नेहमीची कारणं आहेत. व्हॉट्सॲपचा कॉल इंटरनेटवरून जातो, टेलिकॉम कंपनीच्या कॉल नोंदीत तो नसतोच.

एका माणसाच्या तक्रारीनं काय होणार, असं अनेकांना वाटतं. इथे २०२५ ची दुरुस्ती फार मोलाची आहे. पूर्वी नोंदणी नसलेल्या नंबरवर कारवाई सुरू व्हायला सात दिवसांत दहा तक्रारी लागत. आता दहा दिवसांत पाच तक्रारी पुरतात. पूर्वी कारवाईसाठी कंपनीला तीस दिवस मिळत, आता पाच दिवस मिळतात. आणि नोंदणी नसलेल्या कॉलरविरुद्ध तक्रार करायला तुमची स्वतःची डीएनडी नोंदणी असण्याचीही अट राहिलेली नाही. दोष सिद्ध झाला तर पहिल्या वेळी त्याच्या सगळ्या लाइनवरून बाहेर जाणारे कॉल पंधरा दिवसांसाठी बंद होतात. पुन्हा तेच केलं तर त्याच्या नावावरच्या सगळ्या लाइन, सगळ्या कंपन्यांकडच्या, वर्षभरासाठी तोडल्या जातात आणि त्याला काळ्या यादीत टाकलं जातं. टेलिकॉम कंपनीनं तक्रारींचा आकडा लपवला किंवा चुकीचा दिला तर तिलाही दंड होतो. पहिल्या वेळी दोन लाख, दुसऱ्या वेळी पाच लाख आणि त्यानंतर दर वेळी दहा लाख रुपये.

दिवसाला शेकडो लोकांना फोन करणाऱ्या नंबरविरुद्ध पाच तक्रारी जमणं अवघड नाही. त्या शेकड्यांतल्या बहुतेकांनी मात्र फक्त ब्लॉक केलेलं असतं. ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायनं नोंदणी नसलेल्या कॉलरच्या लाइन तोडण्याचे आदेश दिले, तेव्हा काही आठवड्यांतच पावणेतीन लाखांहून अधिक नंबर बंद झाले. व्यवस्था हलते, हे त्यातून दिसलं. ती हलवायला तक्रारी लागतात.

आता फोनमधल्या गाळण्यांकडे वळू. त्या कुचकामी आहेत असं मी मुळीच म्हणत नाही. तक्रारीचा परिणाम व्हायला वेळ लागतो, आणि तोवर दुपारची झोप मिळायला हवी. पण प्रत्येक गाळणी काय अडवते आणि तिच्यासोबत काय अडकू शकतं हे माहीत असावं.

अनेक अँड्रॉइड फोनमध्ये गुगलचं फोन ॲप असतं. त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘Caller ID & spam’ आहे. तिथला पहिला पर्याय संशयित कॉल आला की पडदा लाल करून इशारा देतो. दुसरा, ‘Filter spam calls’, असा कॉल वाजूच देत नाही. कॉल येऊन गेल्याची सूचनाही मिळत नाही, तो फक्त कॉलच्या यादीत सापडतो. हे ठरतं कशावरून? इतर लोकांनी त्या नंबरला स्पॅम म्हणून कळवलं आहे का, यावरून. म्हणजे काल सुरू झालेला नवा नंबर या गाळणीतून आरामात निसटतो आणि एखाद्या दवाखान्याचा किंवा कुरिअरचा नंबर लोकांनी वैतागून कळवला असेल तर तो अडकतो. म्हणून मी पहिला पर्याय चालू ठेवावा असं सांगेन, आणि दुसरा चालू केलाच तर रात्री एकदा कॉलची यादी डोळ्यांखालून घालावी.

एक पर्याय मात्र फार लोकांना फसवतो. गुगलच्या आणि सॅमसंगच्या फोन ॲपमध्ये ‘unknown’ किंवा ‘unidentified’ कॉल ब्लॉक करण्याचं बटण आहे. ते चालू केल्यावर अनोळखी माणसांचे कॉल बंद होतील असं वाटतं. प्रत्यक्षात ते फक्त ज्यांनी आपला नंबर लपवलाय अशा कॉलसाठी आहे. लोनचे कॉल करणारे नंबर लपवत नाहीत. त्यामुळे हे बटण चालू करून लोक निर्धास्त होतात आणि कॉल येतच राहतात.

आयफोनमध्ये ‘Silence Unknown Callers’ हा पर्याय २०१९ पासून आहे. तो खऱ्या अर्थानं अनोळखी नंबर शांत करतो. जो नंबर तुमच्या संपर्क यादीत नाही आणि ज्याला तुम्ही आधी स्वतः फोन केलेला नाही, तो वाजत नाही, कॉलच्या यादीत मात्र दिसतो. नव्या आवृत्तीत, म्हणजे आयओएस २६ मध्ये, ‘Screen Unknown Callers’ खाली आणखी एक पर्याय आलाय. फोन स्वतःच समोरच्याला नाव आणि काम विचारतो, उत्तर पडद्यावर लिहून दाखवतो आणि मग उचलायचा की नाही ते तुम्ही ठरवता. घरात कुणी आजारी असेल, मुलगा नोकरीच्या मुलाखतीच्या फोनची वाट पाहत असेल, पार्सल यायचं असेल, अशा दिवसांत पूर्ण शांत करणारा पर्याय बंदच ठेवावा. हॉस्पिटलच्या वॉर्डमधून येणारा फोन बहुधा तुमच्या यादीत नसलेल्याच नंबरवरून येतो. एरवी नेहमी लागणारे नंबर, म्हणजे डॉक्टर, सोसायटीचा वॉचमन, मुलांच्या शाळेचं ऑफिस, गॅस एजन्सी, नावानिशी साठवून ठेवले की अशी गाळणी पुष्कळ सुरक्षित होते.

कॉल करणाऱ्याचं नाव दाखवणारी ट्रूकॉलरसारखी ॲप लोक भरपूर वापरतात, आणि ती उपयोगी आहेतच. पण तिथं दिसणारं नाव लोकांनी दिलेलं असतं, कुणी तपासलेलं नसतं. तिथं ‘बँक मॅनेजर’ दिसलं म्हणून समोर बँक मॅनेजर आहे असं समजू नये. परवानग्या देतानाही थांबून विचार करावा, कारण तुमच्या संपर्क यादीत इतर माणसांचे नंबर असतात आणि त्यांनी तुम्हाला ते कुणाला द्यायला सांगितलेलं नसतं. काही सिम कंपन्या आता नेटवर्कवरच संशयित कॉल ओळखून पडद्यावर इशारा दाखवतात. त्यासाठी वेगळं ॲप लागत नाही.

एक सीमा स्पष्ट असायला हवी. ‘तुमच्या नावाचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय’, ‘तुमच्यावर गुन्हा दाखल झालाय, व्हिडिओ कॉलवर या’ असे कॉल म्हणजे टेलिमार्केटिंग नव्हे, गुन्हा आहे. डीएनडी नोंदणी त्यांना थांबवत नाही. अशा कॉलची माहिती ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावरच्या ‘चक्षू’ विभागात द्यावी, आणि पैसे गेले असतील तर क्षणही न घालवता १९३० ला फोन करावा. व्हॉट्सॲपच्या अनोळखी कॉलसाठी त्याच ॲपच्या ‘Privacy’ विभागात ‘Calls’ खाली ‘Silence unknown callers’ हा पर्याय आहे. आईवडिलांच्या फोनवर तो आजच चालू करून द्यावा.

मावशीचे कॉल पूर्ण बंद झालेले नाहीत. मात्र खूप कमी झालेत, आणि आता नवा आला की ती आधी १९०९ ला एसएमएस करते. तिच्या शेजारणीही करू लागल्यात. त्याच भागातल्या लोकांना तेच दलाल फोन करत असतील तर दहा दिवसांत पाच तक्रारी एका इमारतीतूनही जमू शकतात. तुम्हीही पुढचा कॉल ब्लॉक करण्याआधी नंबर आणि तारीख टिपून घ्या, ज्या सिमवर कॉल आला त्याच सिमवरून १९०९ ला कळवा, आणि मग खुशाल ब्लॉक करा.